स्थितिदर्शक दिव्याच्या रंगाची कॅमेऱ्याने ओळख

यंत्रावर लावलेल्या लाल, अंबर किंवा हिरव्या दिव्यापैकी कोणता पेटला आहे हे लहान रोबोटने कॅमेऱ्याच्या चित्रावरून ठरवण्याची पद्धती. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील सीएनसी यंत्रांवर असा दिवा ‘टॉवर लाइट’ या नावाने ओळखला जातो. बिघाड असल्यास लाल, लक्ष देण्याजोगी स्थिती असल्यास अंबर आणि काम सुरळीत चालू असल्यास हिरवा, हा संकेत सर्वपरिचित आहे. सुटे भाग वाहून नेणारी छोटी गाडी यंत्रापाशी जाण्यापूर्वी हा दिवा वाचते.

रंग ओळखण्यासाठी कॅमेऱ्याचे लाल-हिरवा-निळा हे आकडे बहुधा रंगछटा, संपृक्तता व तेजस्विता या तीन राशींत बदलून घेतात. या रूपांतराच्या उगमाविषयी एकमत नाही. काही जण त्याचे श्रेय झॉर्झ व्हॅलेन्सी यांच्या १९३८ च्या सुमाराच्या दूरचित्रवाणीविषयक कामाला देतात. त्यात तेजस्विता रंगापासून वेगळी पाठवण्याची कल्पना आहे, पण आज वापरात असलेले सूत्र नाही. अल्व्ही रे स्मिथ यांनी १९७८ मध्ये संगणकीय आलेखनाच्या परिषदेत मांडलेले रूप आजच्या रूपाशी जुळते. त्याच परिषदेत जॉबलोव्ह व ग्रीनबर्ग यांनी त्याचे जवळचे भावंड मांडले. त्यामुळे व्हॅलेन्सी यांना पूर्वसूरी आणि स्मिथ यांना प्रत्यक्ष कर्ता मानणे अधिक सयुक्तिक दिसते. रंगछटा वर्तुळावर अंशांत मोजतात. लाल ०, पिवळा ६० आणि हिरवा १२० अंशांवर येतो. चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या ओपनसीव्ही या प्रचलित सॉफ्टवेअर संचात ३६० हा आकडा आठ बिटांत मावत नसल्याने अंश निम्मे करून ० ते १७९ असे लिहितात. लाल रंग या पट्टीच्या दोन्ही टोकांना विभागला जातो, म्हणून त्यासाठी दोन पट्टे जोडावे लागतात:

```python
hsv = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2HSV)
lal = cv2.bitwise_or(
    cv2.inRange(hsv, (0, 100, 80), (8, 255, 255)),
    cv2.inRange(hsv, (170, 100, 80), (179, 255, 255)))
```

एवढ्याने काम भागते असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात लाल आणि अंबर यांची गल्लत होते, आणि तिचे कारण पट्ट्यांच्या आकड्यांत नसून एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो त्यात, असते. कॅमेऱ्याचा प्रत्येक रंगाचा आकडा २५५ वर अडतो. दिवा तेजस्वी आणि शेड अंधारी असेल, तर स्वयंचलित एक्स्पोजर शेड दिसावी म्हणून वेळ वाढवते आणि दिव्याचा लाल आकडा आधी अडतो. हिरवा व निळा मात्र वाढतच राहतात. समजा, योग्य एक्स्पोजरला लाल दिवा २००, २०, १० असा दिसतो. त्याची रंगछटा सुमारे ३ अंश. एक्स्पोजर आठपट झाले की आकडे २५५, १६०, ८० होतात आणि रंगछटा २७ अंशांवर सरकते. योग्य एक्स्पोजरचा अंबर दिवा २००, १००, १० असा धरल्यास त्याची रंगछटा २८ अंश येते. म्हणजे जास्त एक्स्पोजरचा लाल आणि नीट टिपलेला अंबर यांत जेमतेम एका अंशाचा फरक उरतो. पट्टे कितीही बारीक केले तरी तो सुटणार नाही. अंबरही चौपट एक्स्पोजरला ६० अंशांवर, म्हणजे शुद्ध पिवळ्यावर जातो. (हिशेब सोपा राहावा म्हणून कॅमेऱ्याचा गॅमा येथे धरलेला नाही, त्याने आकडे बदलतात, सरकण्याची दिशा तीच राहते.)

यावर उपाय एकच: स्वयंचलित एक्स्पोजर बंद करून ते दिव्याच्या तेजाला जुळवून पक्के करणे. दिवा २५५ च्या बराच खाली राहील इतका वेळ कमी करायचा. बाकीची शेड काळी पडली तरी चालते. व्हाइट बॅलन्सही पक्का करावा. तो स्वयंचलित ठेवल्यास चौकटीत लाल रंग वाढला की कॅमेरा तो ‘सुधारून’ फिका करतो. एवढे करूनही दिव्याचा गाभा अडत असेल, तर कोणताही आकडा २५० च्या वर गेलेले पिक्सेल वगळून भोवतीच्या कडेची रंगछटा घ्यावी.

कमी एक्स्पोजरचा आणखी एक लाभ आहे. दसऱ्याच्या सुमारास खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि टॉवर लाइटच्या खांबालाही झेंडूची माळ चढते. झेंडूची रंगछटा अंबरच्या पट्ट्यात सहज बसते. पण फूल स्वतः प्रकाश देत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात ते कमी एक्स्पोजरला जवळजवळ काळे पडते आणि पेटलेला दिवा तेवढा उरतो. न पेटलेल्या दिव्याच्या रंगीत काचेलाही हेच लागू. मात्र पत्र्याच्या छतातील पारदर्शक पट्टीतून उन्हाचा थेट कवडसा काचेवर पडला, तर न पेटलेली काचही पेटल्यासारखी दिसते. वैशाखातल्या दुपारी ही पद्धत येथेच फसते. कॅमेऱ्याच्या बाजूने इलाज तुटपुंजा आहे. दिव्यावर छोटी टोपी बसवणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग.

उदाहरण म्हणून ६० मिलिमीटर व्यासाचा दिवा आणि ६२ अंश आडवा दृष्टिक्षेप असलेला, ६४० पिक्सेल रुंदीचे चित्र देणारा कॅमेरा घेऊ. ३ मीटर अंतरावरून दिवा सुमारे १० पिक्सेल रुंद दिसतो, ६ मीटरवरून केवळ ५. शिवाय बहुतेक स्वस्त वेबकॅम रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्म्या तपशिलाने पाठवतात. त्यामुळे ६ मीटरवर रंगाचे खरे नमुने दोन-तीनच उरतात आणि त्यांतही शेजारची पार्श्वभूमी मिसळते. म्हणून रोबोटने साधारण ४ मीटरच्या आत आल्यावरच निर्णय घ्यावा आणि त्याआधी ‘माहीत नाही’ असेच उत्तर द्यावे. तिन्ही दिवे बंद असणे हे वेगळे उत्तर आहे. ते ‘हिरवा’ मानणे धोक्याचे.

एका चौकटीवरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या एकाच चित्रावरून, निर्णय घेऊ नये. दिवा लुकलुकत असेल तर चौकट नेमकी विझलेल्या क्षणाची असू शकते. सेकंदाला ३० चौकटी असल्यास मागील ४५ चौकटींची नोंद ठेवणे पुरते. जवळजवळ सर्व चौकटींत पेटलेला दिवा स्थिर आणि निम्म्याच्या आसपास चौकटींत पेटलेला लुकलुकता समजावा. २४ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या दिव्यात एवढे पुरते. २३० व्होल्ट एसीवर चालणाऱ्या काही स्वस्त एलईडी दिव्यांचे तेज मात्र सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. एक्स्पोजर १ मिलिसेकंदावर आणल्यास काही चौकटींत असा दिवा मंद किंवा बंदच दिसतो आणि स्थिर दिवा लुकलुकता ठरतो. एक्स्पोजर १० मिलिसेकंद ठेवून कॅमेऱ्यापुढे गडद करडी फिल्म लावली की हा दोष जातो. डोळ्याला स्थिर दिसणारा दिवा नोंदीत उड्या मारत असेल, तर आधी त्याची वायर कुठून आली आहे ते पाहावे.

रंगाला जोड म्हणून जागेचाही उपयोग करतात. टॉवर लाइटमध्ये बहुधा लाल वर, अंबर मध्ये आणि हिरवा खाली असतो. रंग व जागा जुळली तरच उत्तर ग्राह्य धरतात. एकाच भिंगातून तिन्ही रंग दाखवणाऱ्या नव्या दिव्यांत ही जोड मिळत नाही. यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकावर, म्हणजे पीएलसीवर, रिकामे आउटपुट असेल, तर तेथून थेट संकेत घेणे कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त व खात्रीचे पडते. जुन्या, वॉरंटीतल्या किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्राच्या पॅनेलला हात लावता येत नाही, तेथे कॅमेरा वापरतात. माणसाच्या सुरक्षेसाठी गाडी थांबवण्याचे काम मात्र त्याच्यावर सोपवत नाहीत. ते बंपर स्विच किंवा लेझर स्कॅनरकडेच राहते.