जोडीचा सौदा: घ्यायचा केव्हा आणि कापायचा केव्हा

दोन खासगी बँकांचे शेअर बहुतेक दिवस एकाच दिशेने हलतात, कारण व्याजदराची झळ दोघांनाही लागते. त्यातला एक जास्त पळाला की तो विकायचा आणि मागे राहिलेला घ्यायचा. बाजार कुठेही गेला तरी दोघांतला फरक मिटला की पैसे सुटतात.

पण एकत्र चढणाऱ्या भावांतला फरक मिटेलच असं नाही. कोरिलेशन, म्हणजे एकाच दिशेने हलण्याचं माप, ०.९ असूनही हा फरक वर्षभर रुंदावत गेलेला दिसतो. म्हणून आम्ही आधी कोइंटिग्रेशन तपासतो, म्हणजे फरक आपल्या सरासरीकडे परत येतो का ते बघतो. दोन-तीन वर्षांच्या बंद भावांवरून बीटा काढायचा, म्हणजे एक शेअर रुपयाने हलला की दुसरा किती हलतो ते, आणि उरलेल्या फरकावर तो स्थिर आहे का हे सांगणारी एडीएफ चाचणी लावायची. इथे नेहमीच्या तक्त्यातला −२.८६ चालत नाही. बीटा आपणच त्याच भावांतून बसवलेला असतो, त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा स्थिर दिसतो. ५ टक्के पातळीला आकडा साधारण −३.३४ च्या खाली हवा. −३.० आला तर आम्ही ती जोडी सोडतो.

समजा 'अ' १५०० रुपयांना आहे, 'ब' १२०० ला आणि बीटा १.१.

```
spread = 1500 - 1.1 * 1200 = 180
z = (180 - 150) / 12 = 2.5
```

सरासरी फरक १५०, प्रमाण विचलन १२. फरक सरासरीपासून किती विचलनं दूर आहे ते झेड सांगतो. तो २ च्या वर गेला, म्हणून 'अ' चे ५०० विकले, 'ब' चे ५५० घेतले. कॅशमध्ये शॉर्ट, म्हणजे हातात नसलेला शेअर विकून केलेला सौदा, त्याच दिवशी कापावा लागतो, त्यामुळे हे फ्युचरमध्येच होतं आणि तिथले ठरावीक संख्येचे लॉट असे नेमके क्वचितच जुळतात.

बाहेर पडायच्या अटी सौदा घेण्याआधी लिहून ठेवा. झेड ०.५ वर आला, म्हणजे फरक १५६ झाला, की नफा घ्यायचा: शेअरमागे २४, एकूण १२,००० रुपये, त्यातून खर्च अजून वजा व्हायचा आहे. झेड ३.५ ला गेला की ६,००० चा तोटा घेऊन निघायचं. सकाळी भाव गॅपने उघडला तर तोटा याहून मोठा होतो. २० सत्रांत यातलं काहीच झालं नाही तरी सौदा कापायचा.

सरासरी आणि विचलन मात्र सौदा घेतल्या दिवशीचंच धरा. रोज सरकणारी सरासरी धरली तर ती हळूहळू फरकापाशी येते, झेड शून्यावर दिसतो आणि खात्यात तोटा तसाच असतो.

एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेच्या विलीनीकरणाची घोषणा ४ एप्रिल २०२२ ला झाली. एचडीएफसीच्या २५ शेअरना बँकेचे ४२ शेअर ठरल्यावर दोन्ही भाव त्या गुणोत्तराला बांधले गेले आणि जुनी सरासरी निकामी झाली. अशी बातमी आली की झेड न बघता बाहेर पडा.

आणि दोन्ही पाय, म्हणजे विकलेला आणि घेतलेला शेअर, एकाच वेळी कापा. नफ्यातला पाय कापून तोट्यातला 'येईल वर' म्हणून ठेवणं, ही ग्राहकांची चूक आम्हाला सगळ्यात जास्त दिसते.