द्विरेषी रूपांतर व वारंवारता-विकृती

द्विरेषी रूपांतर : सतत काळातल्या नियंत्रकाचे संगणकावर चालणाऱ्या फरक-समीकरणात रूपांतर करण्याची एक पद्धत. ब्रिटिश अभियंते आर्नोल्ड टस्टिन यांच्या नावावरून ‘टस्टिन पद्धत’ असेही म्हणतात. नियंत्रकाच्या सूत्रात `s` च्या जागी पुढील पदावली ठेवतात. `T` म्हणजे दोन नमुन्यांमधला वेळ आणि `z` म्हणजे संकेत एक नमुना पुढे सरकवणारी क्रिया.

```
s = (2/T)·(z−1)/(z+1)
```

हे समलंब चौकोनाच्या नियमाने केलेले संकलनच आहे. स्थिर सतत नियंत्रक रूपांतरानंतरही स्थिर राहतो, म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे. मात्र सतत बाजूची शून्यापासून अनंतापर्यंतची सगळी वारंवारता नमुना-दराच्या निम्म्यापर्यंतच्या पट्ट्यात दाबून बसवावी लागते, आणि ती सारख्या प्रमाणात दाबली जात नाही. हीच वारंवारता-विकृती :

```
ω_सतत = (2/T)·tan(ω_अंकीय·T/2)
```

सेकंदाला 1000 नमुने घेतले, तर 20 हर्ट्झचा बिंदू 19.97 वर येतो. हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. 200 हर्ट्झचा बिंदू मात्र 178.6 वर सरकतो. एखाद्या सर्वो यंत्रणेचा अनुनाद 200 हर्ट्झला आहे आणि तो दाबायला एकाच वारंवारतेवर खाच पाडणारा, 0.1 अवमंदन गुणांकाचा नॉच फिल्टर लावला आहे असे समजू. साध्या रूपांतराने त्याची खाच 178.6 हर्ट्झवर पडते आणि खऱ्या अनुनादावर संकेत जेमतेम 17.5 टक्के घटतो. कागदावर गणित बिनचूक, तरी यंत्र गुणगुणतच राहते.

यावर उपाय म्हणजे पूर्वदुरुस्ती (प्रीवॉर्पिंग). `2/T` ऐवजी `K = ω0/tan(ω0T/2)` वापरतात. `ω0` म्हणजे जी वारंवारता नेमकी जुळवायची ती. येथे 200 हर्ट्झ म्हणजे `ω0` = 1256.6 रेडियन प्रति सेकंद, म्हणून 2000 ऐवजी `K` = 1729.6 येतो आणि खाच नेमकी 200 वर बसते :

```
y = 0.91315*(x + x2) - 0.56436*(x1 - y1) - 0.82631*y2
```

(`x` हा फिल्टरमध्ये येणारा आणि `y` हा बाहेर पडणारा संकेत; `x1`, `x2`, `y1`, `y2` हे त्यांचे मागील नमुने.) जुळते ती एकच वारंवारता. खाचेची रुंदी आकसलेलीच राहते : 3 डेसिबल पातळीवर 40 हर्ट्झची सुमारे 30 होते. अनुनाद भारानुसार सरकत असेल, तर मूळ फिल्टर मुद्दाम रुंद धरावा.

हाच `K` नियंत्रकाच्या संकलक भागालाही लावणे ही नेहमीची चूक. त्याने संकलकाची वृद्धी कमी वारंवारतेला सुमारे 16 टक्क्यांनी वाढते. म्हणून नॉचचे रूपांतर वेगळे करावे आणि संकलकाला `2/T` च ठेवावा. दुसरी चूक एककाची. मॅटलॅबच्या `c2d(C,T,c2dOptions('Method','tustin','PrewarpFrequency',w))` मध्ये `w` रेडियन प्रति सेकंदात लागतो. तेथे 200 हाच आकडा टाकला, तर संगणक तक्रार करत नाही. `K` 1993 येतो आणि खाच 179 हर्ट्झवर, म्हणजे जवळजवळ जुन्याच जागी पडते. तयार फिल्टरचा वारंवारता-आलेख काढून खाच कोठे आहे हे पाहिले की दोष लगेच दिसतो.

शुद्ध विकलक (`s`) या पद्धतीने रूपांतरित केल्यास `z = −1` वर ध्रुव येतो आणि दर नमुन्याला चिन्ह बदलणारे, न विरणारे आंदोलन सुरू होते. त्यामुळे विकलकाला आधी मर्यादित पट्ट्याचा फिल्टर जोडतात. दोन नमुन्यांमध्ये संकेत स्थिर धरून ठेवणाऱ्या शून्यक्रम धारकामुळे होणारा अर्ध्या नमुन्याचा विलंब (200 हर्ट्झला 36 अंश) पूर्वदुरुस्तीने जात नाही. तो कला-मर्यादेच्या हिशेबात वेगळा धरावा लागतो.