कुठला हॅशटॅग चालतो? : इन्स्टाग्रामचं काम आमच्याकडे असलेल्या ग्राहकांसाठी

महिन्याच्या रिपोर्टसोबत टॅगची नोंदवही पाठवायला लागल्यापासून आम्हाला एकच प्रश्न सारखा येतो: "ते सगळं राहू द्या, चालणारा टॅग तेवढा सांगा." आणि विचारणाऱ्याचीच पोस्ट उघडून बघावी, तर आम्ही टाकलेल्या चार टॅगांपैकी दोन गायब आणि जागी कुणाच्या तरी रीलखालून उचललेले दुसरेच दोन!

म्हणून हे पत्रक.

इन्साइट्समध्ये रीच दिसतो तो अख्ख्या पोस्टचा. त्यातला कुठला वाटा कुठल्या टॅगचा, हे भरवशाने कळेल असा आकडा तिथे मिळत नाही. काहीजण रीचला टॅगांच्या संख्येने भागतात, पण त्याला काही अर्थ नाही. एकच मार्ग उरतो: एखादा टॅग एका पोस्टला लावायचा, पुढच्या पोस्टला नाही, परत लावायचा, आणि दोन्ही ढीग शेजारी ठेवून बघायचे. दरवेळी तेच टॅग चिकटवले तर तुलना करायला दुसरा ढीगच नसतो.

प्रत्येक पोस्टमागे आम्ही तारीख, वेळ, रील की फोटो, टॅग जसेच्या तसे (#ठाणे आणि #thane हे दोन वेगळे टॅग) आणि बरोबर सातव्या दिवशीचा रीच लिहितो. त्यातही फॉलो न करणाऱ्यांचा आकडा वेगळा, कारण टॅगचं काम असलंच तर ते अनोळखी माणसांपर्यंत पोचवण्याचं. पैसे देऊन बूस्ट केलेली पोस्ट आम्ही हिशेबात धरत नाही. सरासरीही काढत नाही. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतो, नाहीतर एखादं रील धावतं आणि त्याच्यावरचा टॅग उगाच हिरो ठरतो.

कोपरीतल्या आमच्या एक ताई घरगुती फराळ विकतात. एरवी आठवड्याला तीन पोस्ट. जुलैपासून #thanefood एकाआड एक लावला: आठ पोस्टना होता, आठना नव्हता. फॉलो न करणाऱ्यांचा मधला आकडा टॅगसह ३१०, टॅगशिवाय २९५. एकेका ढिगातच आकडे १२० पासून ९०० पर्यंत पसरलेले, तिथे पंधराचा फरक म्हणजे काहीच नाही. टॅग काढला.

मग दिवाळीत #diwalifaral ने मधला आकडा थेट ११५० दाखवला. ताई खूश. पण तो टॅग असलेल्या पाचही पोस्ट रील होत्या आणि दिवाळीआधीच्या पंधरवड्यातल्या. त्याच पंधरवड्यातली टॅग नसलेली तीन रील काढून बघितली: १०२०, १०९०, १३००. म्हणजे चालली होती ती चकली आणि दिवाळी. टॅग नुसता सोबत होता.

तिसरा, दिवाळीच्या आधीच तपासलेला #thaneeast, मात्र खरा निघाला. टॅगसह मधला आकडा ४२०, त्याशिवाय २६०, आणि टॅगच्या आठपैकी सात पोस्ट २६० च्या वर. तो आम्ही ठेवला. ठाणे पूर्वेत डिलिव्हरी देणाऱ्याला तिथलेच लोक हवेत, हे पटण्यासारखंही आहे. दुसऱ्याच्या धंद्यात हाच टॅग फुकट जाऊ शकतो.

हा निकाल तीन आठवडे उशिरा लागला. ताईंनी दोन पोस्टचे टॅग चौथ्या दिवशी बदलले होते. पोस्टचा बराचसा रीच पहिल्या दोन-तीन दिवसांतच येऊन गेलेला असतो, त्यामुळे मागून लावलेल्या टॅगच्या नावावर आयतं श्रेय जमा होतं. त्या दोन ओळी खोडल्या, त्यांच्या जोडीच्या दोन मोडल्या. चार पोस्ट नव्याने घ्याव्या लागल्या आणि मध्येच गणपती आले; ते दिवस नेहमीसारखे नसतात, म्हणून तेही सोडावे लागले.

"भाच्याने यादी दिलीय, लोक टॅग फॉलो करतात म्हणे," असंही ऐकतो. टॅग फॉलो करायची सोय इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये काढली. जुन्या याद्या त्याआधीच्या असतात. आमच्या वहीतलेही जुने आकडे आम्ही नव्यांत मिसळत नाही.

एका टॅगला साधारण सोळा पोस्ट, म्हणजे पाच-सहा आठवडे लागतात. तीन टॅग तपासायचे तर चार महिने गेलेच. म्हणूनच टॅगची वही आम्ही एकाच महिन्यापुरत्या कामात देत नाही, चार महिन्यांच्या कामात देतो. तिथे तिचे वेगळे पैसे नाहीत. महिन्याभरात "टॉप टॅग" काढून देणारे आहेत, जरूर विचारा, फक्त टॅगशिवायच्या पोस्ट किती धरल्या तेवढं विचारून घ्या.

तुम्हाला एखादा टॅग सुचला तर पोस्ट जायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर पाठवा, पुढच्या फेरीत घेऊ. आणि हात शिवशिवलेच, बदललातच, तर लपवू नका. कुठली पोस्ट आणि कुठला दिवस एवढं कळवा, म्हणजे ती ओळ आम्ही लगेच खोडू.