वायर कापली तरी वाजणारा दाराचा अलार्म

दाराचा अलार्म बनवताना बहुतेक जण साधं सर्किट जोडतात, दार उघडलं की स्विच जुळतो, करंट जातो आणि बझर वाजतो. चालतं हे, पण वायर कुणी कापली, उंदराने कुरतडली किंवा सोल्डर निघालं तर हा अलार्म कायमचा गप्प होतो आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही, कारण बिघडलेला अलार्म आणि शांत बसलेला अलार्म दिसायला अगदी सारखाच असतो. म्हणून हे उलटं करायचं, म्हणजे सगळं ठीक असताना वायरमधून थोडासा करंट सतत फिरत राहील आणि तो थांबला की बझर वाजेल. मग तो दार उघडल्याने थांबो किंवा वायर तुटल्याने.

यासाठी लागतो रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत निकेल-लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या असतात, चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना ओढून चिकटतात, लांब गेला की सुटतात. हा १९३६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये वॉल्टर एलवुड यांनी शोधला. दुकानात तो प्लास्टिकच्या डबीत चुंबकाच्या जोडीने मिळतो. पाकिटावर एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड लिहिलंय का एनओ म्हणजे नॉर्मली ओपन यावर विसंबू नका, कारण कुणी दार बंद असतानाची स्थिती लिहितं तर कुणी चुंबकाशिवायची. मल्टिमीटर बीपवर ठेवून बघा, आपल्याला चुंबक जवळ असताना बीप देणारा हवा.

समजा तळमजल्यावरचा फ्लॅट आहे आणि पुढचं दार, बाल्कनीचं दार आणि किचनची खिडकी असं तिन्ही राखायचंय. तिन्ही स्विच एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडायचे, पॅरलल अजिबात नको, कारण पॅरललमध्ये एक उघडलं तरी बाकीच्या दोघांतून करंट चालूच राहतो. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या प्लसपासून १० के ओमचा रेझिस्टर एका पॉइंटपर्यंत आणा आणि त्या पॉइंटपासून तीन स्विचमधून फिरून वायर मायनसला न्या. हा आपला लूप. त्याच पॉइंटपासून १ के ओममधून बीटी १६९ या छोट्या एससीआरच्या गेटला जा, एससीआर म्हणजे गेटच्या पायाला थोडा करंट मिळाला की ॲनोडपासून कॅथोडपर्यंतची वाट उघडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. एससीआरचा कॅथोड मायनसला आणि बझर प्लस आणि ॲनोडच्या मध्ये.

लूप जोडलेला असेपर्यंत तो पॉइंट मायनसलाच चिकटलेला असतो, त्यामुळे गेटला काहीच मिळत नाही, आणि बॅटरीतून फक्त १.२ मिलिअँप जातो. लूप तुटला की तोच करंट दुसरी वाट नसल्यामुळे गेटमध्ये शिरतो आणि एससीआर चालू होतो. इथे ट्रान्झिस्टरही चालला असता पण मग चोराने दार उघडून लगेच लावलं की बझर बंद. एससीआर एकदा चालू झाला की सप्लाय तोडेपर्यंत बंद होत नाही, म्हणून बॅटरीच्या वायरवर एक लपवलेला स्विच ठेवायचा. काही बझर आतल्या आत करंट तोडत-जोडत वाजतात आणि त्यात एससीआर सुटतो, यावर उपाय म्हणजे बझरला पॅरलल १ के ओम. आणि लांब वायर ॲंटेनासारखी काम करते, फ्रिज चालू झाला तरी खोटा अलार्म येऊ शकतो, म्हणून त्या पॉइंटपासून मायनसला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच.

स्विच चौकटीवर आणि चुंबक दारावर लावायचा, तोही बिजागरीपासून लांबच्या कडेला, कारण बिजागरीजवळ लावलात तर दार बरंच उघडलं तरी चुंबक जेमतेम हलतो. लोखंडी दार असेल तर लोखंड चुंबकाचं बळ आपल्यात ओढून घेतं आणि दार बंद असूनही स्विच नीट लागत नाही, तेव्हा मध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवा. सगळं बंद असूनही बझर वाजत असेल तर सप्लाय काढून एकेका स्विचवर मीटर लावा, जिथे बीप येत नाही तिथे गडबड. तिन्हीवर बीप आला तर वायर मध्येच कुठेतरी तुटलीये. उलटा दोष जास्त वाईट, पट्ट्या चिकटून बसल्या तर दार उघडूनही काहीच होत नाही आणि लूपला ते कळत नाही, म्हणून अधूनमधून प्रत्येक दार स्वतः उघडून बघणं आलंच.

हा लूप कापणाऱ्याला पकडतो, पण वायर सोलून दोन्ही टोकं एकमेकांना जोडणाऱ्याला पकडत नाही, कारण सर्किटच्या दृष्टीने सगळी दारं बंदच असतात. मोठ्या पॅनलमध्ये यासाठी लूपच्या अगदी शेवटच्या टोकाला रेझिस्टर बसवतात आणि पॅनल तो ठरलेला रेझिस्टन्स मोजत राहतं, जास्त झाला तर वायर तुटली, शून्य झाला तर कुणीतरी शॉर्ट केली. आपल्या एससीआरच्या सर्किटला हे मोजता येत नाही, त्यामुळे सगळी वायर घराच्या आतूनच फिरवा आणि बॅटरी-बझर दारातून हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.