पार्श्वभूमी : अहुनवर आणि उजेडाची दिशा

पारशी घरात मूल बोलायला लागलं की ज्या प्रार्थना सर्वांत आधी पाठ करून घेतात, त्यांत ‘यथा अहू वइर्यो’ असतेच. तिलाच अहुनवर म्हणतात. तीन ओळी, एकवीस शब्द. धर्मसंस्थापक झरथुश्त्राच्या गाथा, म्हणजे स्तोत्रं, जिथे सुरू होतात, त्याच्या जरा आधी अवेस्ता या धर्मग्रंथातल्या यस्ना या भागाच्या सत्ताविसाव्या प्रकरणात ती येते आणि पहिल्या गाथेला नावही तिच्यावरूनच मिळालं आहे.

भाषा इतकी जुनी आहे की अर्थावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. ढोबळ आशय असा: स्वामी जसा निवडावा तसाच धर्माचा मार्गदर्शकही ‘अश’ म्हणजे सत्य आणि सुव्यवस्था यांना धरून निवडावा, सद्विचारातून घडलेली कर्मं मज्दाला, म्हणजे ईश्वर अहुर मज्दाला, अर्पण होतात, आणि राज्य अहुराचं, ज्याला गरिबांचा पालक नेमलं आहे. एवढ्याशा प्रार्थनेत गरिबांची आठवण आहे, हे मला विशेष वाटतं.

तिचं माहात्म्य मात्र अर्थापेक्षा कथेतून वाढलं. यस्नाचं एकोणिसावं प्रकरण म्हणजे या प्रार्थनेवरचं प्राचीन भाष्यच. त्यात झरथुश्त्र विचारतो, आकाश, पाणी, पृथ्वी निर्माण होण्याआधी तू कोणते शब्द उच्चारलेस? अहुर मज्दा सांगतो, हेच. पुढे पहलवी या जुन्या इराणी भाषेतल्या बुंदहिश्न या ग्रंथात कथा येते की सृष्टीच्या आरंभी अहुर मज्दाने अहुनवर म्हणताच त्याचा शत्रू, दुष्ट शक्ती अहरिमन, गलितगात्र होऊन अंधारात कोसळला आणि तीन हजार वर्षं तसाच पडून राहिला. इराणच्या सासानी राजवटीतल्या अवेस्ताचे एकवीस भागही याच एकवीस शब्दांशी जोडले गेले.

या कथेत अहुर मज्दा वर, अनंत प्रकाशात राहतो आणि शत्रू खाली, अंधारात. त्यामुळे प्रार्थना करणाऱ्यानं तोंड कुठे करावं, हा प्रश्नच उरत नाही. यस्नाच्या छत्तिसाव्या प्रकरणात तर हा उजेड आणि सर्वांत उंचावरचा सूर्य ही मज्दाचीच सर्वांत सुंदर रूपं म्हटली आहेत. अग्नीची किंवा सूर्याची पूजा असा शिक्का बाहेरच्यांनी मारला. पारशांच्या दृष्टीनं उजेड ही ईश्वराकडे वळण्याची दिशा आहे.

रोजचा नियम सोपा आहे. कमरेची कस्ती, म्हणजे पवित्र दोरी, सोडून पुन्हा बांधताना सकाळी पूर्वेला, दुपारनंतर पश्चिमेला, म्हणजे सूर्य असेल तिकडे तोंड करायचं. रात्री चंद्र, दिवा किंवा आतश, म्हणजे पवित्र अग्नी, यांपैकी जे समोर असेल ते. उत्तर दिशा तेवढी टाळायची, कारण अवेस्ताच्या वंदिदाद या भागात दैत्य उत्तरेकडून येतात. बहात्तर धाग्यांची कस्ती कमरेभोवती तीन वेढे घेते आणि पुढच्या गाठी मारताना दोनदा अहुनवर म्हटली जाते. मुंबईत चर्चगेटजवळ १७२५ साली खोदलेल्या भीखा बेहराम विहिरीपाशी पारशी मंडळी आजही अशी प्रार्थना करतात.