पार्श्वभूमी : आवर्ती कलांचे प्रश्न आणि ‘अणुत्रिज्या’ या शब्दाचा गुंता

‘दुसऱ्या आवर्तात सर्वांत मोठा अणू कोणता?’ या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर लिथिअम असते. पण पुस्तकाच्या शेवटचा तक्ता उघडला की काही तक्त्यांत लिथिअमपुढे १५२ पिकोमीटर दिसतात आणि निऑनपुढे १५४. म्हणजे आवर्तात त्रिज्या घटत जाते हा नियम शेवटच्या घरात उलटा पडल्यासारखा वाटतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. चूक आहे ती त्यांना एका रांगेत बसवण्यात, आणि ही रांग कशी तयार झाली हे कळल्याशिवाय या प्रकारच्या प्रश्नांवरचे वाद सुटत नाहीत.

आयनीभवन ऊर्जेबाबत असा वाद फारसा होत नाही. वायुरूपातल्या सुट्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा वर्णपटावरून थेट काढता येते, आणि ती निऑनलाही तितकीच लागू पडते जितकी लिथिअमला. अणूला ‘कड’ मात्र नसते. इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता केंद्रकापासून दूर जाताना कमी होत जाते, ती एका ठरावीक रेषेवर संपत नाही. म्हणून त्रिज्या मोजायची तर दोन अणू एकमेकांशेजारी हवेत. त्यांच्या केंद्रकांमधले अंतर मोजून ते निम्मे करायचे. शेजारी अणू कोणत्या नात्याने बसले आहेत यावर उत्तर बदलते.

१८७० मध्ये पहिला आलेख काढला गेला तेव्हा हा प्रश्नच नव्हता, कारण तो त्रिज्येचा नव्हता. अणुवस्तुमानाला घनतेने भागून येणाऱ्या ‘अणुआकारमाना’चा तो आलेख होता. सोडिअमसाठी उत्तर सुमारे २३.७ घन सेंटिमीटर येते, ॲल्युमिनिअमसाठी १०, आणि पुढे सल्फरसाठी पुन्हा वाढून १५.५. सल्फरचा अणू ॲल्युमिनिअमपेक्षा मोठा आहे असा याचा अर्थ नाही. त्याच्या वलयाकार रेणूंमध्ये मोकळी जागा राहते, म्हणून घनता कमी पडते. अल्क धातूंच्या शिखरांमुळे हा आलेख गाजला, पण ‘आवर्तात आकार घटतो’ हे वाक्य त्यातून निघत नाही. निऑन आणि अरगॉन तर तेव्हा सापडलेलेही नव्हते.

क्ष-किरणांनी स्फटिकातली अंतरे मोजता येऊ लागली आणि १९२० च्या सुमारास अणूंना त्रिज्या देण्याची पद्धत रुळली. इथे सोय पाहून तीन वाटा झाल्या. धातूंसाठी स्फटिकातल्या शेजारी अणूंच्या अंतराचा अर्धा भाग, ही धातू त्रिज्या. अधातूंसाठी एकेरी बंधाच्या लांबीचा अर्धा भाग, ही सहसंयुज त्रिज्या. राजवायू सहसा बंध करत नसल्याने त्यांच्यासाठी नुसते टेकून बसलेल्या अणूंच्या अंतराचा अर्धा भाग, ही व्हॅन डर वाल्स त्रिज्या. टेकून बसलेले अणू बंधातल्या अणूंइतके जवळ येत नाहीत, त्यामुळे हा तिसरा आकडा नेहमीच मोठा असतो.

पुढे पाठ्यपुस्तकांत एक निर्णय झाला आणि तोच सगळ्या गोंधळाचे मूळ आहे : तिन्ही प्रकारचे आकडे ‘अणुत्रिज्या’ या एकाच शीर्षकाखाली छापणे. लिथिअमचे १५२ धातू त्रिज्येचे, फ्लुओरिनचे ६४ किंवा ७२ सहसंयुज त्रिज्येचे, निऑनचे १५४ व्हॅन डर वाल्स त्रिज्येचे. फ्लुओरिनपासून निऑनपर्यंत दिसणारी उडी जवळजवळ सगळी मोजमाप बदलल्याची आहे. एकच मोजमाप धरून पाहावे. १९६४ च्या व्हॅन डर वाल्स तक्त्यात नायट्रोजन १५५, ऑक्सिजन १५२, फ्लुओरिन १४७ आणि निऑन १५४ आहे, म्हणजे शेवटी केवळ ७ पिकोमीटरची वाढ. याच मापाने लिथिअम १८२ भरतो आणि पहिल्या क्रमांकाचा वादच उरत नाही. १९६७ च्या गणिती त्रिज्यांमध्ये तर फ्लुओरिन ४२ आणि निऑन ३८ आहे, तिथे कल शेवटपर्यंत उतरताच राहतो.

म्हणून प्रश्नात राजवायू असेल आणि त्रिज्येचा प्रकार लिहिलेला नसेल, तर तो प्रश्न अपुरा आहे. दोन उत्तरे मान्य करण्यापेक्षा प्रकार छापणे योग्य. विद्यार्थ्याने ‘निऑन फ्लुओरिनपेक्षा मोठा’ असे लिहिले तर तो तक्ता वाचतो आहे, ‘लहान’ लिहिले तर वाढता केंद्रकीय प्रभार लक्षात घेतो आहे. दोघांपैकी कुणालाही चूक ठरवायला आधार नाही.

हाच गुंता तेराव्या गणात पुन्हा भेटतो, आणि तो कमी ओळखला जातो. गणात खाली जाताना त्रिज्या वाढते, तरी अनेक पुस्तकांत ॲल्युमिनिअम १४३ आणि गॅलिअम १३५ असते. कारण दिले जाते ते मधल्या दहा डी-इलेक्ट्रॉनांच्या कमकुवत परिरक्षणाचे, म्हणजे केंद्रकाची ओढ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपासून नीट झाकता न येण्याचे. ते कारण खरे आहे. १९३० च्या परिरक्षण नियमांनी हिशेब केला तर ॲल्युमिनिअमच्या बाह्यतम इलेक्ट्रॉनासाठी १३ मधून ९.५ वजा होऊन परिणामी प्रभार ३.५ उरतो. गॅलिअमसाठी ३१ मधून २६ वजा होऊन ५ उरतो. केंद्रकात १८ प्रोटॉन वाढले, परिरक्षण मात्र १६.५ नेच वाढले. नव्या कवचाने होणारी वाढ या जादा ओढीने जवळपास खाऊन टाकली. आयनीभवन ऊर्जाही हेच सांगते : ॲल्युमिनिअम ५७८ आणि गॅलिअम ५७९ किलोज्यूल प्रति मोल.

पण ‘जवळपास सारखे’ आणि ‘८ पिकोमीटरने लहान’ यांत फरक आहे. गॅलिअमचा स्फटिक साध्या धातूसारखा रचलेला नसतो. त्यात प्रत्येक अणूला एक शेजारी सुमारे २४५ पिकोमीटरवर आणि सहा शेजारी २७० ते २८० च्या दरम्यान असतात. सातांची सरासरी काढून निम्मी केली की १३५ येतात. फक्त जवळचा शेजारी धरला तर १२२ च्या आसपास. ॲल्युमिनिअमला मात्र बारा शेजारी एकाच अंतरावर असतात. इतक्या वेगळ्या रचनांमधले दोन आकडे वजा करून काढलेले ८ हे निव्वळ परिरक्षणाचे फळ मानता येत नाही. २००८ च्या सहसंयुज तक्त्यात ॲल्युमिनिअम १२१ आणि गॅलिअम १२२ आहे, म्हणजे क्रम उलटतो. ‘गॅलिअम लहान का?’ ऐवजी ‘गॅलिअम ॲल्युमिनिअमपेक्षा स्पष्टपणे मोठा का नाही?’ असे विचारले, तर उत्तर या दोन्ही तक्त्यांत टिकते.

विद्युतऋणतेची अडचण वेगळ्या जातीची आहे, ती मोजली जात नाही, ठरवली जाते. १९३२ ची श्रेणी बंधऊर्जांवर उभी आहे : दोन भिन्न अणूंमधला बंध त्यांच्या आपापल्या बंधांच्या सरासरीपेक्षा जितका बळकट, तितका त्यांच्यातला फरक मोठा. बंध नाही तर आकडा नाही, म्हणून निऑनचे घर रिकामे राहिले आणि फ्लुओरिन सुमारे ४ घेऊन अग्रस्थानी बसला. १९८९ च्या श्रेणीत संयुजा इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा धरली गेली, आणि तिथे निऑन ४.७९ ने फ्लुओरिनच्या ४.१९ च्या वर आहे. गणातला उतारही नेहमी सरळ नसतो. बंधऊर्जेच्या श्रेणीत ॲल्युमिनिअम १.६१ आणि गॅलिअम १.८१ आहे, आणि इथेही हात त्याच दहा डी-इलेक्ट्रॉनांचा आहे.