ब्लूटूथ हेडसेटमधील मोडबदल

ब्लूटूथ हेडसेटवर गाणे चांगले वाजत असते आणि मीटिंग सुरू होऊन माइक उघडला की तोच आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो. अनेकांना हेडसेट बिघडला असे वाटते. प्रत्यक्षात हेडसेट ठीक असतो, संगणकाने त्याच्याशी बोलण्याची पद्धत बदललेली असते.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज पाठवण्याच्या दोन पद्धती, म्हणजे प्रोफाइल, आहेत. ए-टू-डी-पी ही गाण्यांसाठीची पद्धत. तिच्यात स्टीरिओ आवाज बऱ्यापैकी दर्जाने येतो, पण तो फक्त हेडसेटकडे जातो. माइकचा आवाज परत आणायची सोय नसते. एचएफपी ही फोनवरील संभाषणासाठीची पद्धत. तिच्यात आवाज दोन्ही दिशांनी जातो, मात्र मोनो आणि अरुंद वाटेने. आवाज आकड्यांत बांधून पाठवण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. एचएफपीच्या जुन्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४ किलोहर्ट्‌झच्या वरचे काहीच ऐकू येत नाही. झांजेची किणकिण आणि ‘स’, ‘श’ यांची धार तिथेच कापली जाते. नंतर आलेल्या एमएसबीसीमध्ये १६,००० नमुने असतात. बोलणे त्यात स्वच्छ येते, गाणे मात्र फिकेच राहते.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. विंडोज लॅपटॉपवर मीटिंग चालू आहे, माइक म्हणून हेडसेट निवडलेला आहे आणि तुम्ही म्यूट आहात. तरीही समोरच्याने दाखवलेल्या व्हिडिओचे संगीत चिरके येते. म्यूट केल्यावर तुमचा आवाज मीटिंगमध्ये जात नाही, पण अनेक ॲप माइकचा प्रवाह उघडाच ठेवतात, आणि तो उघडा असेपर्यंत एचएफपी सुटत नाही. ॲप बंद केल्यावर काही क्षणांत आवाज पूर्ववत झाला, तर दुखणे हेच.

यावर उपाय म्हणजे ऐकायला हेडसेट आणि बोलायला दुसरा माइक. मीटिंग ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडसेट ठेवावा आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा किंवा यूएसबी माइक निवडावा. फक्त विंडोजच्या Settings > System > Sound मध्ये Input बदलून नेहमी भागत नाही, कारण ॲप स्वतःची जुनी निवड धरून बसते. मॅकवरही System Settings > Sound > Input येथे अंगचा माइक निवडता येतो. गोंगाटाच्या खोलीत मात्र लॅपटॉपचा माइक आजूबाजूचे सगळे उचलतो. तिथे चिरका आवाज सोसून हेडसेटचाच माइक वापरलेला बरा.

आवाजाची जोडणी सांभाळणारा वायरप्लंबर ०.५ हा प्रोग्राम असलेल्या लिनक्सवर आपोआप होणारा मोडबदल असा थांबवता येतो :

```
wpctl settings --save bluetooth.autoswitch-to-headset-profile false
```

यानंतर हेडसेटचा माइक हवा असेल तेव्हा प्रोफाइल हाताने बदलावे लागते.

एलसी३ कोडेक वापरणाऱ्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत ही अडचण मुळातच कमी होते, कारण तिथे माइक चालू असतानाही चांगला आवाज पाठवता येतो. त्यासाठी हेडसेट, लॅपटॉपची ब्लूटूथ चिप आणि तिचा ड्रायव्हर या तिघांचीही साथ लागते. खोक्यावर नुसते ‘ब्लूटूथ ५.२’ छापलेले असणे पुरेसे नाही.